भांडणानंतरची नोंद: आरंभी एवढेच पाहावे

जोडीदाराशी भांडण झाल्यावर त्यातला आपला वाटा वहीत लिहून कसा शोधावा, असे आपण विचारलेत, म्हणून सुरुवातीचे तेवढेच सांगतो. छातीतली धडधड थांबल्यावर, किमान अर्ध्या तासाने, वही उघडावी. त्याआधी लिहिलेले पान बहुधा जोडीदारावरचे आरोपपत्र होते, आणि त्यातील बहुतेक वाक्ये 'ती' किंवा 'तो' यानेच सुरू होतात, ही त्याची खूण.

प्रथम आपण स्वतः उच्चारलेली वाक्ये जशीच्या तशी लिहावीत. समजा, चवथीला पेडण्याच्या मूळ घरी किती दिवस राहायचे यावरून वाद झाला. तिथे 'मी समजावले' असे न लिहिता, '"तुला माझी माणसे नकोतच," असे मी म्हणालो' असे लिहावे. मग त्या वाक्याच्या क्षणभर आधी मनात काय होते ते शोधावे: कदाचित आईला काय सांगायचे ही भीती होती, आणि ती रागाच्या रूपाने बाहेर पडली. आपला वाटा मला तरी बहुतेक वेळा इथेच सापडलेला आहे.

दोन चुका टाळाव्यात:
- कबुलीच्या वाक्याला लगेच समर्थन जोडणे.
- सगळा दोष स्वतःवर घेणे. त्यानेही नेमके काय घडले ते झाकलेच जाते.

घरात मारहाण किंवा धाक असेल, तर मात्र वहीवर न थांबता विश्वासातील माणसाची मदत घ्यावी.