६जी वेल्डिंग सर्टिफिकेट आणि परदेशातली नोकरी

प्रश्न: माझ्याकडे ६जीचं सर्टिफिकेट आहे. परदेशात पाइप वेल्डरच्या कामाला तेवढं पुरेल का?

उत्तर: बहुधा मुलाखतीपर्यंत पुरेल. त्यापुढे टेस्ट द्यावीच लागेल, हे धरूनच चला. एएसएमई कोडप्रमाणे वेल्डरच्या पात्रतेची जबाबदारी काम देणाऱ्या कंपनीवर असते, म्हणून ती सहसा स्वतः टेस्ट घेते.

आधी सर्टिफिकेटवर ‘प्रोसेस’ काय लिहिलंय ते बघा. ६जी म्हणजे ४५ अंशात पक्का बांधलेला, न फिरवता वेल्ड करायचा पाइप. ती फक्त पोझिशन झाली. तुम्ही सगळा जॉइंट स्टिकने केला असेल आणि कंपनीला रूट टिगने, वरचे पास स्टिकने हवे असतील, तर टिगसाठी तुमचा कागद चालणार नाही. एजंट हे सांगत नाहीत!

दुसरं, त्या प्रोसेसने सहा महिने वेल्डिंगच केलं नसेल तर पात्रता संपते. म्हणून जुन्या कंपनीकडून कामाची तारीखवार नोंद सही-शिक्क्यानिशी घेऊन ठेवा.

टेस्टमध्ये पहिल्यांदा डोळ्यांनी तपासणी होते. तिथे नापास झालात तर एक्स-रेपर्यंत पीस जातच नाही. बरेच जण पाइपच्या खालच्या बाजूला अडकतात, कारण तिथे वितळलेला धातू ओघळतो आणि आतून रूट खोलगट राहतो. सराव करताना पाइपच्या आत टॉर्च मारून बघा. खाली रूट पाइपच्या आतल्या पृष्ठभागापेक्षा दबलेला दिसला, तर गॅप आणि करंट आधी सुधारा.