लाईन मुलाची कटली, मेल मात्र तुमचा गेला

*सर नमस्कार. मुलगा मेकॅनिकलचा बी.ई. आहे. छत्रपती संभाजीनगरच्या एका कंपनीत क्वालिटी ट्रेनीसाठी त्याचा व्हिडिओ इंटरव्ह्यू होता. मी शेजारीच बसलो होतो. उत्तर चालू असतानाच लाईन कटली. घरी १०० एमबीपीएसचं फायबर आहे, इन्व्हर्टर आहे, पंखासुद्धा थांबला नव्हता, म्हणजे बिघाड त्यांच्याकडचाच. तासाभरात एचआरचा मेल आला: "मायक्रोमीटरच्या प्रश्नावर तुम्ही बोलत असताना संपर्क तुटला. याचा मूल्यमापनावर परिणाम होणार नाही. गुरुवारी ११.३० वाजता याच पॅनेलसोबत १५ मिनिटं, त्याच प्रश्नापासून पुढे. उद्या ५ वाजेपर्यंत होकार आणि एक फोन नंबर कळवा." १५ मिनिटांत काय होणार? ही नुसती औपचारिकता वाटते. मी लगेच त्याच्या आयडीवरून माफी, घरची परिस्थिती, सगळ्या मार्कशीट पाठवल्या. आता एचआरला फोन करू का? की खासगीचा नाद सोडून त्याला एमपीएससीला बसवू?*
*— एक पालक, लातूर*

नमस्कार. फोन करू नका. तुमच्या अख्ख्या पत्रात लाईन कटण्यापेक्षा मला जास्त घोर लागला तो तुम्ही पाठवलेल्या मेलचा. कंपनीने दोनच गोष्टी मागितल्या होत्या: होकार आणि फोन नंबर. तुम्ही माफी, घरची परिस्थिती आणि मार्कशीट पाठवल्याचं लिहिलंय. होकार आणि नंबर दिल्याचं कुठेच नाही. मार्कशीट त्यांनी बघितल्या होत्या म्हणून तर बोलावलं. माफी कशाची? लाईन कटणं हा गुन्हा नाही, आणि "परिणाम होणार नाही" असं त्यांनीच लिहिलंय. आता एचआरच्या समोर उमेदवाराच्या नावाने आलेला लांबलचक मेल आहे आणि कामाचं उत्तर त्यात सापडत नाही. क्वालिटीत काम करणाऱ्याकडून रोज हेच बघतात, की विचारलं तेवढं वेळेत आणि नेमकं कळवतो का.

म्हणून आज मुलाने स्वतः, आलेल्या मेललाच रिप्लाय देऊन, एवढंच पाठवावं: "गुरुवारी ११.३० वाजता मी उपस्थित राहीन. लिंक तुटल्यास कृपया या नंबरवर फोन करावा." खाली नंबर आणि नाव. आधीच्या मेलचा खुलासा नको. आणि त्याच्या मेलचा पासवर्ड त्याला बदलू द्या. बी.ई. झालेल्या मुलाच्या नावाने बापाने पत्रव्यवहार करायचा नसतो.

तुम्ही शेजारी बसला होता, हे तुम्ही अगदी सहज लिहून गेलात. तुम्ही एक शब्द बोलला नसाल, तरी मुलाची नजर तुमच्याकडे वळते आणि पॅनेलला ती कॅमेऱ्यात दिसते. बाजूला कोणीतरी उत्तरं सांगतंय अशी शंका यायला तेवढं पुरतं, आणि मग त्याचं स्वतःचं उत्तरही त्याचं राहत नाही. गुरुवारी तुम्ही दुकानात जा, शेतात जा, पण घरात थांबू नका.

१५ मिनिटांबद्दल. औपचारिकता असती तर "कळवतो" एवढं लिहून त्यांनी विषय संपवला असता. या मेलमध्ये उत्तर कुठे तुटलं ते आहे, तेच पॅनेल आहे, दिवस आणि वेळ आहे. म्हणजे कोणीतरी टिपण ठेवलंय आणि त्यांना राहिलेला भागच ऐकायचाय. झालेला इंटरव्ह्यू पुन्हा घ्यायचा नसेल तर १५ मिनिटं भरपूर झाली.

आता तुमचे १०० एमबीपीएस. प्लॅनवरचा आकडा नळ किती मोठा ते सांगतो, पाणी मध्येच थांबणार नाही याची हमी देत नाही. व्हिडिओ कॉलला त्यातला अगदी थोडा भाग लागतो. पंखा थांबला नाही म्हणजे लाईट गेलीच नाही, हाही तुमचा समज. लाईट जाऊन इन्व्हर्टर सुरू होईपर्यंत क्षणभर खंड पडतो. पंखा वेगात असतो, म्हणून तो फिरत राहतो. लॅपटॉपला बॅटरी असते. फायबरच्या राउटरला मात्र तेवढा झटका पुरतो. तो बंद होऊन पुन्हा सुरू होतो आणि लाईन धरायला त्याला एक-दोन मिनिटं तरी लागतात. खात्री करायची असेल तर आज मेन स्विच बंद करून राउटरकडे बघा. सगळे दिवे विझून पुन्हा लागले, तर दोष तुमच्याच घरात आहे. एरवी लाईन जाते तेव्हा दिवे न विझता एलओएस लिहिलेला लाल दिवा लागला, तर बहुधा केबलचा घोटाळा आहे. पहिल्या कारणावर राउटरसाठी छोटा यूपीएस मिळतो. घेताना राउटरच्या अडॅप्टरवर लिहिलेले व्होल्ट आणि अँपिअर जुळवून घ्या. गुरुवारपर्यंत नाही मिळाला, तर दुसऱ्या कंपनीचं सिम असलेल्या फोनचा हॉटस्पॉट आधीपासून लॅपटॉपला जोडून बघितलेला असावा. तो फोन तुमचा नको. इंटरव्ह्यू चालू असताना त्यावर मामाचा फोन येणार, हे ठरलेलं. एचआरला दिलेल्या नंबरचा फोनही हॉटस्पॉटला वापरू नये. तो मोकळा आणि मुलाच्या हाताशी हवा.

मुलासाठी दोन गोष्टी. एक, लाईन अडखळते तेव्हा आपण बोलतच राहतो, आणि शेवटची काही वाक्यं समोर पोचलेलीच नसतात. म्हणून पुन्हा जोडल्यावर आपल्या आठवणीवर जायचं नाही. "माझं कुठपर्यंत ऐकू आलं?" असं विचारायचं आणि तिथून पुढे.

दुसरी, उत्तराचा निष्कर्ष पहिल्या वाक्यात. समजा प्रश्न असा होता की व्हर्नियर हातात असताना मायक्रोमीटर का घेतला? पोरं बहुधा ट्रेनिंगच्या पहिल्या दिवसापासून सुरू करतात आणि मुद्द्यावर येईपर्यंत लाईन जाते. त्याऐवजी असं: "टॉलरन्स इतका कमी होता की व्हर्नियरवर निर्णय देता येत नव्हता." मग तपशील. शाफ्टचा व्यास २५ मिमी, टॉलरन्स म्हणजे मापात चालणारा फरक अधिक-उणे ०.०२ मिमी. नेहमीच्या व्हर्नियरचा लीस्ट काउंट, म्हणजे त्यावर वाचता येणारं सर्वात छोटं माप, तोच ०.०२, त्यामुळे काठावरचा नग पास की रिजेक्ट हे त्यावर सांगता येत नाही. मायक्रोमीटरचा ०.०१. त्यावर सलग नग मोजले तर व्यास हळूहळू वाढताना दिसतो. टर्निंगमध्ये इन्सर्ट, म्हणजे धातू कापणारा तुकडा, झिजला की तो कमी माल काढतो, म्हणून बाहेरचा व्यास वाढतो. मग मशीनला दिलेला टूलचा ऑफसेट दुरुस्त करायचा किंवा इन्सर्ट बदलायचा, आणि पुढचा नग मोजून खात्री करायची. हे आकडे उदाहरणाचे आहेत. त्याने आपल्या ट्रेनिंगमधला खरा जॉब सांगावा, कारण पॅनेलमधला माणूस लगेच "मग झिरो एरर बघितला होता का?" असं विचारणार.

एमपीएससीचं म्हणाल तर मुलाने स्वतःहून नाव काढलं, तर अभ्यासक्रम घेऊन बसू. एक कॉल तुटला म्हणून तो रस्ता धरायचा नाही.

गुरुवारी मुलाने ११.२० ला लिंक उघडावी. पुन्हा तुटलीच तर लगेच हॉटस्पॉटवरून आत यावं. तेही जमलं नाही तर फोनची वाट बघावी, आणि दहा मिनिटांत कोणी फोन केला नाही तर एका ओळीचा मेल करावा: "संपर्क तुटला आहे, मी या नंबरवर उपलब्ध आहे." तो मेलही त्यानेच लिहायचा.