त्यानं ठेवलेलं नाव

"ताई, आमच्या शाखेतला एक जण चारचौघांत मला मॅडम म्हणतो आणि मेसेजवर मात्र 'करडई'. हे नाव त्यानंच काढलंय, दुसऱ्या कुणाला माहीत नाही. त्याला मी आवडते म्हणून म्हणतो, की नुसती गंमत?"

परभणी जिल्ह्यातल्या एका बँकेत काम करणाऱ्या मुलीचा हा प्रश्न. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) मी तिला पहिल्यांदा विचारलं, की हे नाव पडलं कधी?

जून महिना, पीककर्जाची गर्दी. एक दलाल सातबारा न जोडलेली फाईल पुढं रेटत होता. हिनं सगळ्यांसमोर त्याला परत पाठवलं, आणि मागं रांगेत उभ्या असलेल्या म्हातारबाबांचा अर्ज स्वतः बसून भरून दिला. संध्याकाळी त्याचा मेसेज आला: 'तुम्ही म्हणजे करडई. हात लावला की टोचतं, पण तेल घरोघरी लागतं.' तेव्हापासून तेच नाव.

यातून मला एक गोष्ट स्पष्ट दिसली. सोनू, पिल्लू, डिअर ही नावं कुणालाही लावता येतात, आणि काही जण ती एकाच वेळी चार जणींना लावतात. हे नाव मात्र त्या दुपारी तिला नीट पाहिल्याशिवाय सुचलं नसतं. त्यानं तिच्याकडं लक्ष दिलं होतं, एवढं नक्की. पण लक्ष देणं आणि प्रेम असणं यात बरंच अंतर आहे.

हॉपर, नॅप आणि स्कॉट या अमेरिकी संशोधकांनी १९८१ मध्ये जोडप्यांच्या खासगी बोलीचा अभ्यास केला. जोडीदाराची टोपणनावं हा त्यातला एक मोठा प्रकार होता. पुढं १९९३ मध्ये ब्रूस आणि पिअर्सन यांना दिसलं, की समाधानी नवरा-बायकोंत अशी बोली जास्त असते. हे वाचून मुलंमुली उलटा हिशोब मांडतात: नाव ठेवलं, म्हणजे प्रेम आहे. पण ती माणसं आधीच एकमेकांची होती. नात्यातून नाव आलं होतं. नावावरून नातं ओळखता येतं, असं त्यातून निघत नाही.

म्हणून मी तिला मेसेज पुन्हा वाचायला सांगितले, फक्त एकाच नजरेनं: 'करडई'च्या पुढं काय येतं? ती वाचत गेली. 'करडई, शनिवारी माझं काउंटर बघशील का?' असे काही होते. पण वडील नांदेडला दवाखान्यात होते तेव्हाचेही होते: 'करडई, बाबांनी काही खाल्लं का? तू जेवलीस का?' नाव फक्त कामं काढून घेण्यापुरतं आलं असतं, तर मी तिला सावध केलं असतं. इथं तसं नव्हतं. शिवाय दोघांत कुरबुर झाली, की नाव गायब व्हायचं आणि फोनवरही कोरडं 'मॅडम' यायचं. म्हणजे ते नाव त्याच्या लेखी जवळिकीचं होतं.

पुढं एकदा चहाच्या वेळी सगळ्यांदेखत त्याच्या तोंडून 'करडई' निघून गेलं. शिपाईमामा हसले. ही अवघडली. बाहेर आल्यावर तिनं सांगितलं, "हे नाव लोकांत नको." त्यानं "बरं" म्हटलं आणि पुन्हा कधी तसं झालं नाही. मला सगळ्यात मोलाची खूण हीच वाटते. नको म्हटल्यावर "एवढं काय मनाला लावून घेतेस" म्हणणारा, रुसणारा किंवा मुद्दाम तेच नाव घेणारा माणूस असेल, तर ते नाव कितीही गोड असो, माया तिथं नाही. रंगावरून, अंगावरून ठेवलेल्या नावाचं तर बोलायलाच नको. कामाच्या ठिकाणी नको असलेली लैंगिक शेरेबाजी चालू राहिली, तर २०१३ च्या कायद्यानं अंतर्गत समितीकडं तक्रार करता येते, आणि ती जरूर करावी.

माया आहे, हे आम्हा दोघींना पटलं. ती कसली, हे मेसेजमधून कळणार नव्हतं. ते त्यालाच विचारायला हवं होतं. तिनं धीर करून विचारलं, "तुझ्या मनात काय आहे?" तो गडबडला. म्हणाला, "तू मला फार जवळची आहेस, पण तसं नाही. माझं सेलूकडं जमत आलंय. तुला सांगायला हवं होतं."

ती माझ्यासमोर खूप रडली. त्यानं फसवलं असं तिला वाटत नव्हतं, आणि मलाही वाटलं नाही; पण लग्न ठरत असताना हे नाव चालू ठेवून गप्प राहणं चुकलंच, हे मी तिला सांगितलं. पुढच्या आठवड्यात तिनं त्याला ते नाव बंद करायला सांगितलं, आणि त्यानं केलं. आता तो तिला पहिल्या नावानं हाक मारतो, मेसेजवरही.