जात ओळखताना रंग सगळ्यात शेवटी बघा

प्रश्न: गाय काळी-पांढरी आहे, विकणारा म्हणतो देवणी, मला होल्स्टीन क्रॉस वाटतेय. कसं ओळखू?

रंग सोडा, आधी गाय आडवी उभी करून खांद्यावर बघा. देवणीला वशिंड असतं, गळ्याखाली पोळी लोंबते आणि कान खाली पडलेले असतात. होल्स्टीनची पाठ खांद्यापासून सरळ जाते, कान बाजूला आडवे. क्रॉसमध्ये गोंधळ होतो, कारण पहिल्या पिढीत थोडा उंचवटा राहतो आणि गाईचं वशिंड बैलापेक्षा मुळातच लहान असतं, म्हणून नुसत्या उंचवट्यावर जाऊ नका, पोळी आणि कान जोडीला बघा. बारकं वशिंड, आखूड पोळी, आडवे कान असं तिन्ही दिसलं की तुमचा संशय बरोबर आहे. आणि देवणी ठिपक्यांचीच असते असंही नाही, वानेरा प्रकारात अंग पांढरं आणि तोंड काळं असतं, लोक तिला देवणी मानतच नाहीत.

प्रश्न: लाल गाय म्हणजे गीर ना? कान तर लांब आहेत.

नाही हो. लाल कंधारी लाल, साहिवाल पण लाल, आणि लाल कंधारीचे कानही लांबच असतात. गीरचं कपाळ समोरून फुगीर, घुमटासारखं गोल असतं, शिंगं बुडापासून आधी खाली-मागे जातात आणि मग वर वळतात, कान पानासारखे दुमडलेले आणि टोकाशी खाच. ही खाच हातात कान धरून बघा, लांबून कळत नाही. साहिवालची शिंगं आखूड, जाड आणि कातडी सैल. लाल कंधारीची शिंगं मध्यम, दोन्हीकडे सारखी वळलेली. शिंगं जाळलेली असतील किंवा कालवड लहान असेल तर शिंगांचा पुरावा गेलाच, मग कपाळ आणि कान एवढंच हातात राहतं, आणि अशा वेळी आईला बघायला मागा, मला तरी तेच जास्त भरवशाचं वाटतं.

प्रश्न: काळी शेळी उस्मानाबादीच समजायची का?

उस्मानाबादी बहुतेक काळ्याच असतात, पण पांढऱ्या, तपकिरी, ठिपक्यांच्याही निघतात, आणि बीटल पण काळी असते. फरक नाकात आहे. बीटलचं नाक बाजूने बघितलं की पोपटासारखं बाकदार दिसतं, कान खूप लांब आणि लोंबते. उस्मानाबादीचं नाक बरंचसं सरळ, कान मध्यम. नाक बाकदार, कान लांब पण अंग पांढरं आणि मागच्या मांड्यांवर लांब केसांचे झुपके असतील तर जमनापारी बघताय. कान छोटे आणि उभे असले तर बारबरी, ती अंगानेही लहानच असते.