आधी मातीचा हिशेब जुळवा, मग आराखडा लिहा

प्रश्न: डोंगराकडेच्या रस्त्याच्या रुंदीकरणासाठी पर्यावरण व्यवस्थापन आराखडा करतोय. धूळ, आवाज, खोदलेली माती टाकणं आणि देखरेखीची जबाबदारी हे सगळं कसं लिहावं? नमुना तक्ता मिळेल का?

तक्ता कुठेही मिळेल, पण त्यात 'माती योग्य ठिकाणी टाकावी' एवढंच लिहिलेलं असतं. हे वाक्य म्हणजे माती दरीत लोटायला दिलेली परवानगीच. म्हणून सुरुवात मातीच्या आकड्यांपासून करा.

समजा 4 किलोमीटर लांबीत एका बाजूला कटिंग आहे आणि क्रॉस सेक्शनवरून सरासरी 9 चौरस मीटर क्षेत्र निघतं. म्हणजे जागेवरचं खोदकाम 36,000 घनमीटर. त्यातलं 10,000 भरावात वापरलं तर 26,000 उरतं. इथे बहुतेक जण थांबतात आणि चुकतात, कारण खोदलेली माती फुगते. मुरूम आणि दगड मिसळलेले असतील तर 1.3 ने गुणा. डंपरमध्ये चढणारी सैल माती झाली 33,800 घनमीटर. 10 घनमीटरच्या डंपरने 3,380 खेपा, रोज 40 धरल्या तर जवळपास 85 दिवस.

आता टाकायची जागा. थरावर थर दाबून भरलं तरी दगड मिसळलेली माती सहसा मूळ आकारमानावर परत येत नाही, म्हणून 1.1 धरा: 28,600 घनमीटर. सरासरी उंची 4 मीटर ठेवली तर 7,150 चौरस मीटर लागतात. उतार, पायथ्याची भिंत, पाण्याचा चर आणि डंपर वळायची जागा मिळवली की एक हेक्टरच्या आसपास जाता. आराखड्यात अर्धा हेक्टर लिहिलेला असेल तर निम्म्या कामातच जागा भरणार आणि पुढची माती रात्री उतारावरून खाली जाणार. पावसाळ्यात तीच माती मोऱ्यांच्या तोंडाशी येऊन बसते.

हे पकडायचं कसं? कंत्राटदाराच्या बिलातून. खोदकामाचे पैसे मोजमापावर मिळतात, त्यामुळे तो आकडा कुणी कमी लिहीत नाही. एखाद्या महिन्याच्या बिलात 6,000 घनमीटर कटिंग आहे आणि त्यातलं काहीच भरावात गेलेलं नाही असं धरा. सैल माती 7,800, म्हणजे 780 खेपा. टाकमातीच्या जागेवरच्या नोंदवहीत 500 च खेपा असतील तर 280 डंपर माती कुठे गेली, हे त्याच बैठकीत विचारा. हा ताळा दर महिन्याला घालायचा, बिल मंजूर होण्याआधी. नोंदवही गेटवरच्या माणसाने भरायची, डंपर चालवणाऱ्याने नाही.

धुळीबाबत 'नियमित पाणी मारणे' असं लिहू नका. 7 मीटर रुंद आणि 1 किलोमीटर लांब कच्च्या रस्त्याला चौरस मीटरला 1 लिटर धरलं तर 7,000 लिटर लागतं. 10,000 लिटरच्या टँकरची एक फेरी पुरते, पण कडक उन्हात दोन-तीन तासांत परत मारावं लागतं. नळी धरून ओतलं की चिखल होतो, तो चाकांना लागून डांबरी रस्त्यावर येतो आणि वाळून पुन्हा उडतो. टँकरच्या मागे भोकं पाडलेला आडवा पाइप हवा, हे आराखड्यातच लिहा.

आवाजाचं लवकर उरकतो: ब्रेकर आणि कॉम्प्रेसर घरांपासून लांब ठेवा. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की सुमारे 6 डेसिबल कमी होतात. पत्र्याचा आडोसा यंत्र आणि खिडकी यांच्यातली नजरेची रेघ तोडत नसेल तर त्याचा उपयोग नाही.

आता जबाबदारी, आणि यावर मी दर वेळी भांडतो. 'पर्यावरण उपायांचा खर्च इतर बाबींच्या दरात समाविष्ट' हे कलम काढून टाका. त्याचा अर्थ असा की टँकर उभा ठेवला तर कंत्राटदाराचे पैसे वाचतात. पाणी, टाकमातीची भिंत, चर, मोजणी या सगळ्यांना निविदेत वेगळ्या बाबी आणि वेगळे दर हवेत. काम झालं तर पैसे, नाही तर कपात. उपाय कंत्राटदाराने करायचे. तपासणी आणि सही सल्लागाराच्या इंजिनियरने करायची. हवा आणि आवाज मोजणाऱ्या प्रयोगशाळेचे पैसे मात्र मालक यंत्रणेने थेट द्यावेत. कंत्राटदार पैसे देत असेल तर मोजणीचा दिवस तोच ठरवतो, आणि त्या दिवशी रस्ता सकाळपासून ओला असतो. खर्च वाढतो म्हणून मालक यंत्रणा याला नकार देतात, पण दरीतली माती पावसाळ्यानंतर काढायचा खर्चही शेवटी त्यांच्याच माथी येतो.

एक राहिलं: 1.3 हा आकडा सगळीकडे चालत नाही. निव्वळ माती कमी फुगते, फोडलेला कठीण खडक 1.5 पर्यंत जातो. पहिल्या आठवड्यात मोजलेल्या कटिंगच्या खेपा मोजून तुमच्या साइटचा आकडा काढा आणि वरचे सगळे हिशेब त्यावर पुन्हा करा.