आधी चंद्राचे अंश बघा, गुण नंतर

ताई, लेकीचं स्थळ ठरत आलंय, दोघांची पसंतीही झालीय. मी माझ्या मोबाइलवर पत्रिका जुळवली तर 20 गुण आले आणि एकनाडी दोष निघाला. लेकीने तिच्या ॲपवर बघितलं तर 28 गुण आणि दोष नाही. तिची वृषभ रास, सिंह लग्न, मंगळाचं स्थान, सगळं दोन्हीकडे सारखंच आहे, म्हणजे माहिती तर बरोबर भरलीय. मुलाचं रेवती नक्षत्र. लेक 14 तारखेच्या रात्री बारा वीसला झाली, वेळ पक्की आहे. दोन्ही ॲपचे फोटो पाठवतेय. मुलाकडच्यांना आठवडाभर थांबायला सांगितलंय. आता तिसरं कुठलं ॲप बघू?

तिसरं ॲप बघू नका. वेळ पक्की आहे हे मान्य, पण तारीख कुठे पक्की आहे? आपल्याकडे सूर्योदयापर्यंत आदलाच दिवस धरतात, म्हणून घरात सगळे “14 ची रात्र” म्हणतात. ॲपला हे कळत नाही. त्याची तारीख रात्री बाराला बदलते, त्यामुळे 14 च्या रात्रीचे बारा वीस म्हणजे त्याच्या लेखी 15 तारीख, 12.20 AM. तुम्ही 14 भरलीत. लेकीने बहुधा जन्मदाखला बघून 15 भरली. तुमच्या मोबाइलमध्ये ती चोवीस तास आधीच जन्मली.

हे मी अंदाजाने सांगत नाही. तुम्ही पाठवलेल्या फोटोंमध्ये ग्रहांचा तक्ता आहे. तुमच्याकडे चंद्र वृषभेत 15 अंशांवर आहे, नक्षत्र रोहिणी. लेकीकडे तो 28 अंशांवर आहे, नक्षत्र मृग. फरक 13 अंशांचा, आणि चंद्र दिवसाला सरासरी 13 अंशच चालतो. AM-PM ची चूक असती तर फरक साडेसहा अंशांच्या आसपास आला असता. राशिचक्राची सुरुवात कुठून धरायची याचा हिशेब, म्हणजे अयनांश, एका ॲपमध्ये लाहिरी आणि दुसऱ्यात रामन असता तर जेमतेम दीड अंश. एक पत्रिका टिळक पंचांगावरून केलेली असती तर चारेक अंश. तेव्हा दोन पत्रिकांचे गुण जुळेनात की आधी दोन्हींमधले चंद्राचे अंश शेजारी लिहून वजाबाकी करायची. चूक कुठली ते तो फरकच सांगतो.

रास आणि लग्न सारखं आलं म्हणून तुम्ही निर्धास्त झालात, फसगत तिथेच झाली. घड्याळात तीच वेळ असली की दुसऱ्या दिवशीही लग्न जवळपास तेच येतं, जेमतेम अंशभर पुढे सरकतं. मंगळ दिवसात अर्ध्या-पाऊण अंशाच्या पुढे फारसा जात नाही, म्हणून तोही त्याच घरात दिसतो. एका दिवसाच्या चुकीत ठळकपणे हलतो तो चंद्र, आणि छत्तीस गुण सगळेच्या सगळे चंद्राच्या राशी-नक्षत्रावरून काढतात. तुमच्या लेकीचा चंद्र वृषभेतच राहिला, म्हणून वर्ण, वश्य, ग्रहमैत्री, भकूट यांचे गुण बदलले नाहीत. रोहिणी आणि मृग दोन्हींची योनी सर्प. ताराही दोन्ही वेळा दीडच गुण देते. मृगाचा गण देव, रोहिणीचा मनुष्य, पण मुलगा देवगणी असल्यामुळे तुमच्या दोन्ही ॲपने तिथे सहाच गुण दिलेत. उरली नाडी. रोहिणीची अंत्य, रेवतीचीही अंत्य, म्हणून शून्य. मृगाची मध्य, म्हणून पूर्ण आठ. 28 मधून 20 गेले की आठच उरतात. दोन्ही ॲपचं गणित चोख आहे.

ॲपवर विश्वास इतकाच ठेवा: दिलेल्या क्षणाला चंद्र कुठे होता हे ते कुणाही माणसापेक्षा अचूक काढतं. तो क्षण खरा का, हे त्याला विचारून उपयोग नाही. योनीत किंवा गणात एखाद-दुसरा गुण कमी-जास्त झाला तर सोडून द्या, ते कोष्टकच सगळीकडे सारखं नसतं. नाडी पलटली तर मात्र नक्षत्र तपासल्याशिवाय पुढे जायचं नाही.

आज कपाटातून दोन कागद काढा. जन्मदाखल्यावर तारीख असेल, वेळ बहुतेक नसेल. वेळ प्रसूतीच्या डिस्चार्ज कार्डवर मिळेल. बारशाला काढलेलं जन्माक्षर कुणाला आठवतंय का तेही विचारा. 28 अंशांचा चंद्र मृगाच्या दुसऱ्या चरणात येतो, त्याचं अक्षर “वो”. तुम्ही भरलेल्या तारखेने रोहिणीचं दुसरं चरण आणि “वा” येतं. बारशाचं अक्षर “वो” असेल तर शंकेला जागाच नाही.

आणि मला राग आलाय तो त्या आठवड्याचा. कारण न सांगता “थांबा” म्हटलंत, तिकडे त्या घरात काय काय तर्क चालले असतील! लेकीने 28 दाखवले तेव्हा तिने कुठली तारीख भरली एवढं तरी विचारायचं होतंत. दाखल्यावर 15 दिसली की आज संध्याकाळीच मुलाच्या आईला फोन करा. “माझ्याकडून तारीख चुकीची भरली गेली होती, म्हणून थांबले होते” असं सरळ सांगा आणि बैठकीचा दिवस त्याच फोनवर ठरवा.