चार बिटांत ऋण संख्या: दुसरं शून्य की जादाचा -८?

*चार बिटांत साइन-मॅग्निट्यूड आणि वन्स कॉम्प्लिमेंटची रेंज -७ ते +७, पण टूज कॉम्प्लिमेंटची -८ ते +७. हा जादाचा -८ येतो कुठून? आणि शून्यं दोन असली तर बिघडतं काय?*

चार बिटांच्या एकूण जुळण्या १६, म्हणजे सम. शून्याच्या दोन्ही बाजूंना सारख्याच संख्या ठेवायच्या म्हटलं, तर सात धन, सात ऋण आणि एक शून्य मिळून १५ होतात. सोळावी जुळणी उरतेच. पहिल्या दोन पद्धतींत ती दुसरं शून्य होऊन बसते, तिसरीत ती -८ होते. चौथा बिट चिन्हासाठी वापरायचा आणि शून्यही एकच, रेंजही दोन्हीकडे सारखी, असं जमवताच येत नाही.

धन बाजू तिन्ही पद्धतींत एकच आहे: 0000 म्हणजे ०, तिथपासून 0111 म्हणजे +७ पर्यंत. फरक आहे तो डावीकडचा बिट 1 असलेल्या आठ जुळण्यांत. (बिट 0 आणि 1 असे लिहितोय, किंमती देवनागरी आकड्यांत, म्हणजे गल्लत होणार नाही.)

```
जुळणी    साइन-मॅग्निट्यूड    वन्स    टूज
1000          -०             -७     -८
1001          -१             -६     -७
1010          -२             -५     -६
1011          -३             -४     -५
1100          -४             -३     -४
1101          -५             -२     -३
1110          -६             -१     -२
1111          -७             -०     -१
```

साइन-मॅग्निट्यूडमध्ये डावा बिट फक्त चिन्ह सांगतो, उरलेले तीन बिट किती ते सांगतात. वन्समध्ये ऋण करायचं तर चारही बिट उलटे करायचे. टूजमध्ये उलटे करून वर १ मिळवायचा. पुस्तकात इतकंच असतं, पण त्यातून दोन शून्यांचं कारण कळत नाही. त्यासाठी बिटांची वजनं बघा. उजवीकडचे तीन बिट दोन्ही कॉम्प्लिमेंटमध्ये ४, २, १ असेच असतात. डाव्या बिटाचं वजन वन्समध्ये -७ आणि टूजमध्ये -८. म्हणून वन्समध्ये 1100 म्हणजे -७ + ४ = -३, आणि टूजमध्ये 1101 म्हणजे -८ + ४ + १ = -३.

आता 1111 घ्या. उजवीकडच्या तिघांची बेरीज ७. वन्समध्ये -७ + ७ होऊन शून्य येतं, आणि हेच ते दुसरं शून्य. टूजमध्ये -८ + ७ = -१. डाव्या बिटाचं वजन उरलेल्या तिघांच्या बेरजेपेक्षा एकाने जास्त आहे, त्यामुळे तिघं मिळूनही त्याला पूर्ण खोडू शकत नाहीत. दुसरं शून्य तयार व्हायला जागाच राहत नाही, आणि तिघंही 0 असले की -८ मिळतो.

बेरजेत हा फरक उघड दिसतो. ५ + (-३) तिन्हीकडे करून पाहू, साधी बायनरी बेरीज, चिन्हाचा बिटही धरून:

```
साइन-मॅग्निट्यूड   0101 + 1011 = 1 0000
वन्स              0101 + 1100 = 1 0001
टूज               0101 + 1101 = 1 0010
```

टूजमध्ये चार बिटांबाहेर पडलेला हातचा सोडून द्यायचा. उरलं 0010, म्हणजे २. बरोबर. वन्समध्ये हातचा सोडला तर उत्तर १ येतं, म्हणजे एकाने कमी. कारण बाहेर पडणाऱ्या हातच्याची किंमत १६ असते, पण वन्सचं चक्र १५ चं आहे. १६ टाकले की एक जास्तीचा टाकला जातो. म्हणून तो हातचा परत उजव्या टोकाला मिळवायचा, 0001 + 1 = 0010. यालाच एंड-अराउंड कॅरी म्हणतात. साइन-मॅग्निट्यूडमध्ये आलेलं 0000 सरळ चूक आहे आणि हातचा फिरवूनही ते सुधारत नाही. तिथे आधी चिन्हं तपासायची, वेगळी असतील तर मोठ्या आकड्यातून लहान वजा करायचा आणि मोठ्याचं चिन्ह लावायचं. म्हणजे बेरजेच्या सर्किटला तुलना आणि वजाबाकीही जोडावी लागते.

दोन शून्यांचा खरा त्रास एक जुळणी वाया जाण्याचा नाही. वन्समध्ये ३ + (-३) करा: 0011 + 1100 = 1111. हातचा नाही, फिरवायला काही नाही, उत्तर -०. आता प्रोग्रॅम विचारतो, उत्तर शून्य आहे का? बिट जुळवून पाहणारं सर्किट 0000 आणि 1111 यांना वेगळं म्हणणार. "ऋण आहे का?" विचारलं तर डावा बिट 1 दिसतो, म्हणून ते "हो" म्हणणार. लूप कधी थांबवायचा हे बहुतेक वेळा अशाच तपासणीवर ठरतं. त्यामुळे प्रत्येक वेळी दोन्ही जुळण्या तपासा, नाहीतर -० तयारच होऊ देऊ नका. दुसरा मार्ग सीडीसी ६६०० या १९६४ च्या ६० बिटी वन्स कॉम्प्लिमेंट मशीनमध्ये होता आणि मला तो फार आवडतो: बेरीज म्हणजे दुसऱ्या संख्येचे बिट उलटवून केलेली वजाबाकी. आपल्या चार बिटांत ३ + (-३) तिथे 0011 - 0011 होतं, आणि उत्तर 0000 येतं. अशा बेरजेतून -० फक्त तेव्हाच येतो जेव्हा दोन्ही संख्या आधीच -० असतात.

दुसरं शून्य कामालाही लावलं गेलंय. आयपीव्ही४ वरच्या यूडीपीमध्ये चेकसम १६ बिटांच्या वन्स कॉम्प्लिमेंट बेरजेने काढतात. तिथे सगळे बिट 0 याचा अर्थ "चेकसम काढलेलाच नाही". मग हिशेबातच 0 आला तर? सगळे बिट 1 पाठवायचे. या गणितात तेही शून्यच.

टूजची किंमत मोजावी लागते ती -८ वर. 1000 चे बिट उलटे केले तर 0111, त्यात १ मिळवला की पुन्हा 1000. म्हणजे -(-८) = -८, कारण +८ रेंजमध्येच नाही. सी भाषेत ३२ बिटांच्या `int` मध्ये `abs(INT_MIN)` वर भरवसा ठेवता येत नाही तो याच कारणाने.

सगळ्यात जास्त चुका मात्र ओव्हरफ्लो ओळखताना होतात. हातचा बाहेर पडला म्हणजे ओव्हरफ्लो, असं समजू नका. वर ५ + (-३) मध्ये हातचा पडला आणि उत्तर बरोबर होतं. उलट ५ + ४ मध्ये 0101 + 0100 = 1001, हातचा बाहेर पडला नाही, पण उत्तर -७. पाहायचं ते असं: चिन्हाच्या बिटात शिरणारा हातचा आणि तिथून बाहेर पडणारा हातचा सारखे आहेत का? ५ + (-३) मध्ये 1 शिरतो आणि 1 बाहेर पडतो, सारखे, म्हणून ठीक. ५ + ४ मध्ये 1 शिरतो पण 0 बाहेर पडतो, म्हणून ओव्हरफ्लो. (-५) + (-४) म्हणजे 1011 + 1100 = 1 0111: इथे 0 शिरतो, 1 बाहेर पडतो, आणि दोन ऋण संख्यांची बेरीज +७ दिसते. कागदावर करताना एवढं लक्षात ठेवलं तरी पुरतं: चिन्हं वेगळी असतील तर टूजमध्ये ओव्हरफ्लो होऊच शकत नाही, चिन्हं सारखी असून उत्तराचं चिन्ह बदललं, तर तो झालेला आहे.